नेट नाही, राउटर नाही, आणि फोनवरून फोनवर मोठा व्हिडिओ पाठवताना एक टक्क्याला तीन मिनिटं लागतायत? मग हे तपासा

आमच्याकडे सिंधुदुर्गात जत्रा सुरू झाल्या की दर चार-आठ दिवसांनी हा प्रश्न कोणीतरी विचारतंच, आणि दरवेळी मी तेच सगळं परत सांगतो, म्हणून आता एकदाच नीट लिहून काढतोय. रात्रीचा दशावतार शूट केलेला असतो, व्हिडिओ मोठा, देऊळ खाली सड्याच्या पलीकडे त्यामुळे रेंज नावाला नाही, वायफाय तर विषयच नाही, आणि पहाटे मंडळी निघायच्या आधी ती फाईल दुसऱ्याच्या फोनमध्ये जायला पाहिजे असते. अँड्रॉइडमधला क्विक शेअर लावला जातो, समोरचा फोन दिसतो, तो घेतोही, आणि मग ती रेघ जागची हलत नाही. लोक म्हणतात फोन स्लो आहे, केबल पाहिजे होती, अॅप बेकार आहे. मी आत्तापर्यंत जेवढी प्रकरणं बघितली त्यातली बहुतेक वेळा यातलं काहीच खरं नव्हतं. फाईल वायफायवरून जायच्या ऐवजी ब्लूटूथवरून चालली होती, एवढंच.

गेल्या सीझनचं माझं स्वतःचं उदाहरण घेतो म्हणजे आकडे डोळ्यासमोर राहतील. संकासुर येऊन गेला, आडदशावतार संपला आणि आख्यान सुरू झालं तिथून मी ४५ मिनिटं सलग शूट केलं, फुल एचडी, ३० फ्रेम. एवढ्या क्वालिटीला साधारण मिनिटाला १२५ ते १३० एमबी जातात, म्हणजे सगळं मिळून पावणेसहा जीबीच्या आसपास. माझा फोन ४ जीबी जवळ आली की फाईल तोडून नवीन सुरू करतो, त्यामुळे दोन फाईली झाल्या, एक ३.९ जीबीची आणि दुसरी १.८ ची. एडिटिंग भाचा करतो, तो सकाळच्या एसटीने जाणार होता, म्हणून तिथेच मांडवाच्या कडेला बसून पहिली फाईल त्याला लावली. सव्वातीन मिनिटांनी बघितलं तर एक टक्का. तो म्हणाला, "मामा, असंच चाललं तर साडेपाच तास लागतील, माझी गाडी सहाची आहे." त्याचा हिशोब बरोबर होता.

आता हे नेमकं का होतं ते आधी समजून घ्या, मग उपाय पाठ करायला लागत नाहीत. क्विक शेअर, म्हणजे आधी ज्याला निअरबाय शेअर म्हणायचे तेच, दोन टप्प्यात काम करतं. पहिला टप्पा ओळखीचा: दोन्ही फोन ब्लूटूथवरून एकमेकांना शोधतात आणि बोलणं सुरू करतात. दुसरा टप्पा ओझं वाहायचा: एकदा ओळख पटली की ते आपसात ठरवतात की आता वायफायवर जाऊया, आणि राउटर नसेल तर वायफाय डायरेक्टने किंवा एका फोनने गुपचूप छोटा हॉटस्पॉट उभा करून थेट जोडणी करतात. यात इंटरनेटचा काही संबंध नाही, डेटा पॅक संपलेला असला तरी चालतं, सिम काढून ठेवलं तरी चालतं. पण हा दुसरा टप्पा काही कारणाने जमलाच नाही तर अॅप सरळ नापास होण्याऐवजी ब्लूटूथवरच फाईल ढकलत बसतं. फोटो असला तर कळतही नाही. ३.९ जीबी असली की मग रात्र जाते.

वेग किती पडतो याचा अंदाज डोक्यात ठेवा. ब्लूटूथवर प्रत्यक्षात सेकंदाला १५०-२०० केबी मिळतात. वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर गेलं तर ३ ते ५ एमबी, आणि ५ गिगाहर्ट्झवर गेलं तर साध्या मधल्या किमतीच्या फोनलाही २०-३० एमबी सहज. म्हणजे तीन मजले आहेत आणि एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाताना किमान चारपट फरक पडतो, ब्लूटूथवरून वर जाताना तर त्याहून कितीतरी जास्त. म्हणूनच पहिली गोष्ट कुठली तर मोठी फाईल लावायच्या आधी एक साधारण १०० एमबीची क्लिप पाठवून घड्याळ बघायचं. ५ सेकंदात गेली तर तुम्ही वरच्या मजल्यावर आहात, लावा मोठी फाईल. २०-३० सेकंद लागले तर २.४ वर आहात. आणि एक मिनिट झालं तरी अर्धी पण गेली नसेल तर ती ब्लूटूथवर आहे, तिथेच थांबवा, पूर्ण होईल म्हणून वाट बघत बसू नका. ही चाचणी मी दरवेळी करतो, कारण मोठी फाईल अर्ध्यात तोडायला कोणाचाच जीव होत नाही आणि तेवढ्यात वेळ जातो.

आता ब्लूटूथवर अडकायची कारणं. सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण म्हणजे वायफायचं बटणच बंद. रेंज नाही, राउटर नाही, मग वायफाय कशाला चालू ठेवायचं, बॅटरी खातं, असा विचार करून माणूस ते बंद करतो आणि त्याचा विचार चुकीचाही नाही, फक्त त्याला हे माहीत नसतं की वायफाय म्हणजे नेट नव्हे, वायफाय म्हणजे फोनमधला तो रेडिओ, आणि त्याच रेडिओवरून थेट जोडणी होते. काही फोन पाठवताना स्वतःहून वायफाय चालू करतात, काही विचारतात, पण त्याच्यावर विसंबून राहू नका. दोन्ही फोनवर वायफाय चालू, ब्लूटूथ चालू, आणि वायफायच्या खाली "कनेक्टेड नाही" असं दिसत असेल तर उत्तमच, तसंच पाहिजे आपल्याला.

हीच गोष्ट विमान मोडची. बरेच जण रेंज नसलेल्या जागी बॅटरी वाचवायला विमान मोड लावून ठेवतात, आणि ते चांगलंच आहे कारण टॉवर शोधून शोधून फोन गरम होतो, पण विमान मोड लावताना वायफायही जातं. तर मोड राहू द्या, वरचा पडदा खाली ओढून वायफाय आणि ब्लूटूथ वेगळं परत चालू करा. तसं करता येतं आणि जोडणी होते.

दुसरं कारण आमच्या त्या रात्री निघालं. भाच्याच्या फोनवर हॉटस्पॉट चालू होता. संध्याकाळी वर नाक्यावर रेंज होती तेव्हा त्याने मित्राला नेट द्यायला चालू केला होता आणि तो तसाच राहिला, त्याच्या लक्षातही नव्हतं. बऱ्याच फोनमध्ये हॉटस्पॉट चालू असताना तोच रेडिओ वायफाय डायरेक्टला मोकळा मिळत नाही, म्हणजे बोलणं होतं, "चल वायफायवर जाऊ" असं ठरतं, आणि जोडणी करायला गेलं की जागा नाही. मग मुकाट ब्लूटूथवर. काही जण तर मुद्दाम हॉटस्पॉट चालू करतात, की राउटर नाही ना मग आपणच राउटर होऊ. क्विक शेअर वापरताना ते करू नका, त्याला लागेल ते तो स्वतः उभं करतो. हॉटस्पॉटची पद्धत वेगळी आहे, ती खाली सांगतो, पण दोन्ही एकत्र नाही.

त्याचा हॉटस्पॉट बंद केला, ट्रान्सफर रद्द करून परत लावलं. हे परत लावणं महत्त्वाचं आहे बरं का, चालू असलेलं ट्रान्सफर ब्लूटूथवर बराच वेळ चाललं की मधूनच आपोआप वायफायवर उडी मारेल अशी आशा ठेवून उपयोग होत नाही, निदान मला तरी तसं झालेलं दिसलं नाही. परत लावल्यावर लगेच फरक पडला, दहा सेकंदाला एक टक्का जायला लागला. ३.९ जीबीचा एक टक्का म्हणजे ३९ एमबी, म्हणजे सेकंदाला साधारण ४ एमबी. पूर्ण फाईलला सोळा-सतरा मिनिटं. साडेपाच तासांवरून सतरा मिनिटं झाली, भाचा खूश, पण माझं समाधान झालं नाही कारण दोन्ही फोन ५ गिगाहर्ट्झवाले आहेत हे मला माहीत होतं. ४ एमबी म्हणजे आपण मधल्याच मजल्यावर राहिलोय.

इथे तिसरं कारण, आणि हे सहसा कोणाच्या डोक्यात येत नाही. माझा फोन दुसऱ्या एका वायफायला जोडलेला होता. कुठल्या, तर माझ्याच छोट्या अॅक्शन कॅमेऱ्याच्या. रंगमंचाच्या समोर बांबूला कॅमेरा बांधला होता, त्याची फ्रेम बघायला फोन त्याच्या वायफायला जोडला होता आणि तो तसाच चिकटून राहिला. त्या कॅमेऱ्याचं वायफाय २.४ वर होतं. फोनमध्ये सहसा एकच रेडिओ एका वेळी एका चॅनेलवर असतो, काही महागड्या फोनना दोन सांभाळता येतात पण सगळ्यांना नाही. तर माझा फोन कॅमेऱ्याशी २.४ वर बांधलेला असल्यामुळे भाच्याच्या फोनशी केलेली थेट जोडणीही त्याने त्याच चॅनेलवर ओढून घेतली. कॅमेऱ्याकडून एक बाइट येत नसला तरी फरक पडत नाही, नुसतं जोडलेलं असणं पुरतं. तेच ड्रोनच्या वायफायने होतं, टीव्हीच्या डोंगलने होतं, शेजारी बसलेल्या कोणाच्या हॉटस्पॉटला तुमचा फोन ओळखीचा म्हणून आपोआप जोडला गेला तरी होतं.

उपाय साधा. वायफायच्या यादीत जाऊन जे जोडलेलं दिसतंय त्याच्यावर टॅप करून डिस्कनेक्ट करा, आणि ते परत परत स्वतःहून जोडलं जात असेल तर त्याचं ऑटो कनेक्ट बंद करा किंवा सरळ फर्गेट करा. पण वायफायचं मुख्य बटण चालूच ठेवायचं, घाईत लोक ते बंद करतात आणि परत तळमजल्यावर येतात. मी कॅमेरा सोडला, तिसऱ्यांदा लावलं, आणि टक्के असे पळायला लागले की दीड सेकंदाला एक. अडीच-पावणेतीन मिनिटांत ३.९ जीबी गेली, दुसरी १.८ ची दीड मिनिटाच्या आतच. तोच फोन, तीच जागा, तेच अॅप.

यातच अजून एक बारीकसं आहे. कानात ब्लूटूथ इयरफोन असेल आणि गाणं चालू असेल किंवा स्पीकरला फोन जोडलेला असेल तर ते काढा. ब्लूटूथ आणि २.४ चं वायफाय एकाच पट्ट्यात चालतं, बऱ्याच फोनमध्ये अँटेनाही वाटून घेतात, त्यामुळे वेग पडतो आणि आवाजही तुटतो. ५ वर असाल तर एवढा त्रास नाही.

आणि एक फोन जर खरंच फक्त २.४ वाला असेल, स्वस्तातल्या आणि जुन्या फोनमध्ये असतो, तर मग वर सांगितलेलं सगळं करूनही ४-५ एमबीच्या वर जाणार नाही, तो दोष कुठल्या सेटिंगचा नाही. हे ओळखायचं कसं, तर हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड निवडायच्या जागी ५ गिगाहर्ट्झचा पर्याय बघा. दिसला तर फोनला ५ येतं. कुठेच दिसत नसेल तर बहुधा येत नाही. तेव्हा दोघांपैकी कमी असलेला फोन वेग ठरवतो, २० मिनिटं धरून चला आणि चहा घ्या.

आता दुसरी तक्रार: समोरचा फोन दिसतच नाही. इथेही नेट नसण्याचा एक थेट परिणाम आहे. क्विक शेअरमध्ये तुम्ही कोणाला दिसणार हे ठरवायचं असतं, तुमचीच उपकरणं, कॉन्टॅक्ट्स, किंवा एव्हरीवन. कॉन्टॅक्ट्सवर ठेवलं तर दोन्ही फोनना एकमेकांची ओळख पटवायला जी माहिती लागते ती गूगल खात्यातून नेटवरून आधीच येऊन बसलेली असावी लागते. घरी तुम्ही दोघांनी कधी असं पाठवलेलं नसेल आणि थेट जत्रेत रेंजशिवाय करायला गेलात तर नंबर सेव्ह असूनही फोन दिसत नाही. म्हणून रेंज नसेल तिथे घेणाऱ्याने सरळ एव्हरीवन करायचं. फक्त ते बऱ्याच फोनवर १० मिनिटांपुरतंच असतं आणि नंतर आपोआप मागे जातं. पहिली फाईल गेली, मग गप्पा झाल्या, मग दुसरी पाठवायला गेलो तर फोन गायब, हे यामुळे होतं. परत चालू करा, दिसेल. आयफोनच्या एअरड्रॉपमध्येही एव्हरीवन १० मिनिटांचंच असतं, तिथेही हीच गंमत नडते.

घेणाऱ्याचा फोन अँड्रॉइड १२ किंवा त्याच्या आधीचा असेल तर लोकेशन चालू पाहिजे. नेटशिवाय लोकेशन कशाला असं वाटतं, पण त्या वेळी आजूबाजूची ब्लूटूथ आणि वायफाय उपकरणं शोधायची परवानगी लोकेशनच्या आत होती, ब्लूटूथची १२ पासून आणि वायफायची १३ पासून वेगळी केली. घेणाऱ्याचा स्क्रीन चालू आणि अनलॉक ठेवा. पॉवर सेव्हिंग दोन्हीकडे बंद. आणि एवढं करून नाहीच दिसला तर दोन्ही फोनवर विमान मोड दहा सेकंद लावून काढा, तरी नाही तर रिस्टार्ट. सेटिंगमध्ये रिसेट ऑप्शन्सच्या आत ब्लूटूथ आणि वायफाय रिसेट करायचा पर्याय असतो, तो माझ्या अनुभवात अगदी हट्टी केसमध्येच लागतो आणि त्याने सेव्ह केलेले सगळे वायफाय पासवर्ड आणि जोडलेले इयरफोन जातात, म्हणून तो शेवटी.

सॅमसंगवाल्यांसाठी एक वेगळं. सॅमसंगचं स्वतःचं क्विक शेअर आणि गूगलचं निअरबाय शेअर ही आधी दोन वेगवेगळी होती, २०२४ मध्ये ती एक केली आणि नाव क्विक शेअर ठेवलं. ज्याने बरेच दिवस अपडेटच केलेलं नाही त्याच्याकडे अजून जुनं असू शकतं आणि मग एका बाजूला सॅमसंग, दुसऱ्या बाजूला दुसरा कुठलातरी फोन, आणि दोघांना एकमेक दिसत नाहीत. हे अपडेट रेंज नसलेल्या जागी करता येत नाही. घरून निघतानाच प्ले सर्व्हिसेस आणि क्विक शेअर दोन्ही फोनवर अपडेट करून निघा.

अजून एक प्रकार असा असतो की जोडणी होते, सगळं ठीक, पण फाईलच जात नाही किंवा दोन सेकंदात एरर. तेव्हा बघा की व्हिडिओ खरंच फोनमध्ये आहे का. गूगल फोटोजमध्ये जागा मोकळी करा हे बटण कधी दाबलं असेल तर बॅकअप झालेले व्हिडिओ फोनमधून काढलेले असतात, फोटोज अॅपमध्ये चित्र दिसतं, नाव दिसतं, मूळ फाईल मात्र तिकडे सर्व्हरवर. आयफोनमध्ये ऑप्टिमाइझ स्टोरेज चालू असेल तर तसंच. नेट असताना हे जाणवत नाही कारण पाठवताना ते गुपचूप खाली उतरतं. रेंज नसेल तर ते होणार कुठून. हे तपासायला फाईल मॅनेजर उघडून डीसीआयएमच्या आत कॅमेरा फोल्डरमध्ये फाईल दिसते का आणि तिचा आकार खरा आहे का ते बघा. मागच्या वर्षीच्या आख्यानाचा व्हिडिओ कोणी मागितला की दरवेळी इथे अडतं, आणि त्याला तिथल्या तिथे काही उपाय नाही.

समोर आयफोन असेल तर मी क्विक शेअरच्या मागे लागत नाही, हॉटस्पॉटची पद्धत वापरतो, आणि दोन अँड्रॉइडमध्ये वरचं सगळं करूनही जमलं नाही तर तीच. अँड्रॉइड फोनवर हॉटस्पॉट चालू करायचा, मोबाइल डेटा बंद ठेवायचा, बँड ५ गिगाहर्ट्झ निवडायचा, आणि दुसरा फोन त्याला जोडायचा. यातून नेट मिळत नाही पण दोन फोनांमधला रस्ता तयार होतो, तेवढाच पाहिजे. अँड्रॉइडवरच करायचा कारण आयफोनचा हॉटस्पॉट मोबाइल डेटाशिवाय बऱ्याचदा चालूच होत नाही. जोडलेला फोन लगेच तक्रार करतो की या नेटवर्कला इंटरनेट नाही, तेव्हा जोडलेलं राहू द्या असं सांगा, आणि त्या फोनचाही मोबाइल डेटा बंद करा, नाहीतर एखादी काडी रेंज आली की फोन वायफाय सोडून तिकडे पळतो आणि ट्रान्सफर मध्येच तुटतं. मग दोन्हीकडे लोकलसेंड नावाचं फुकट अॅप उघडायचं, ते अँड्रॉइड, आयफोन, लॅपटॉप सगळीकडे चालतं, पण ते घरूनच टाकून आणायला लागतं. आयफोनवर पहिल्यांदा उघडताना लोकल नेटवर्कची परवानगी विचारतं ती द्यायची, नाही म्हटलं तर काहीच दिसत नाही आणि परत विचारतही नाही, मग सेटिंगमध्ये जाऊन द्यावी लागते. हॉटस्पॉटवर कधीकधी फोन यादीत आपोआप येत नाही, तेव्हा समोरच्याचा आयपी हाताने टाकायची सोय त्यात आहे.

ज्यांच्याकडे टर्मक्स, म्हणजे फोनवर कमांड चालवायचं अॅप, आहे आणि त्यात पायथॉन आधीच टाकलेलं आहे, आणि `termux-setup-storage` एकदा चालवून परवानगी दिलेली आहे, त्यांना घेणाऱ्याच्या फोनमध्ये कुठलंच अॅप नसलं तरी चालतं:

```
cd ~/storage/dcim/Camera
python -m http.server 8080
```

हॉटस्पॉट टर्मक्सवाल्या फोनवरच चालू असू द्या. मग घेणाऱ्याने वायफायच्या माहितीत गेटवे म्हणून जो आकडा दिसतो तो ब्राउझरमध्ये टाकून पुढे :8080 लावायचं, म्हणजे समजा गेटवे 192.168.43.1 असेल तर `http://192.168.43.1:8080`. नवीन फोनमध्ये हा आकडा वेगळा असतो, म्हणून पाठ करू नका, बघूनच टाका. फोल्डरमधल्या सगळ्या फाईलींची यादी येते, पाहिजे ती डाउनलोड करायची. काम झालं की कंट्रोल सी करून बंद करा आणि हॉटस्पॉटला पासवर्ड असू द्या, कारण चालू असेपर्यंत त्या हॉटस्पॉटवर आलेल्या कोणालाही तो पूर्ण फोल्डर दिसतो, घरचे फोटो धरून.

काही जण अजून शेअरइट आणि झेंडर शोधतात. ती दोन्ही सरकारने २०२० च्या जूनमध्ये बंद केलेल्या ५९ अॅपमध्ये होती, आता कुठल्यातरी वेबसाइटवरून त्यांची एपीके उतरवून टाकणं म्हणजे त्यात काय भरलंय याचा काही पत्ता नाही. कृपा करून ते करू नका, फोनमध्ये आहे तेच पुरतं.

आणि व्हॉट्सअॅपवर पाठवतो नंतर, हे उत्तर मला नको असतं. व्हिडिओ म्हणून पाठवला तर तो दाबून बारीक करतो, पेट्रोमॅक्ससारख्या पिवळ्या उजेडात शूट केलेला रंगवलेला चेहरा पार चिकट डाग होतो, संकासुराच्या काळ्या वेषात तर काही उरतच नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर मूळ फाईल जाते पण तिथे २ जीबीची मर्यादा, आणि शेवटी नेट लागतंच.

तुटण्याबद्दल. क्विक शेअर ९० टक्क्यांवर तुटलं तर पुढच्या वेळी परत शून्यापासून, ९० पासून नाही. वर दिलेला पायथॉनचा सर्व्हरही अर्ध्यातून पुढे देत नाही. त्यामुळे पाठवताना दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवा, हातभर अंतर पुष्कळ झालं, एक फोन खिशात आणि एक मांडवाच्या पलीकडे असं नको. घेणाऱ्याकडे फाईलपेक्षा किमान एक जीबी जास्त जागा मोकळी असू द्या. दोन-तीन तासांचं आख्यान सलग असेल तर शूट करतानाच प्रवेश बदलताना थांबवून परत सुरू करा, दीड-दोन जीबीचे तुकडे पडतात, एखादा तुटला तर तेवढाच परत.

मिळालेली फाईल बहुतेक फोनमध्ये डाउनलोडच्या आत जाते, गॅलरीत दिसली नाही म्हणून आली नाही असं समजून परत पाठवू नका, आधी तिथे बघा. तिथून मेमरी कार्डवर हलवताना कॉपी अयशस्वी असं आलं तर कार्ड ३२ जीबीचं किंवा त्याखालचं आहे का ते बघा, अशी कार्डं सहसा फॅट३२ ची असतात आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसतच नाही, कार्ड रिकामं असलं तरी. बरेच फोन शूट करताना ४ जीबीला फाईल तोडतात ते त्याच्याच मुळे. त्यामुळे आमच्या ३.९ ला काही झालं नाही, पण जो फोन तोडत नाही त्याची ५.७ जीबीची फाईल अशा कार्डावर गेली नसती. ६४ जीबी आणि वरची कार्डं सहसा एक्सफॅटची येतात, तिथे हा प्रश्न नाही.

शेवटचं म्हणजे मूळ डिलीट करायची घाई. जागा संपत आलेली असते, दुसऱ्या दिवशी दुसरी जत्रा असते, आणि गेलं म्हणून लगेच डिलीट होतं. आधी दोन्ही फोनवर फाईलचे डिटेल्स उघडून आकार बाइटमध्ये जुळतो का बघा, नुसतं ३.९ आणि ३.९ नाही, पूर्ण आकडा. मग घेणाऱ्याच्या फोनवर व्हिडिओ उघडून बोट सरकवून शेवटच्या दहा सेकंदांवर न्या आणि आवाजासकट चालवा. फोनचा कॅमेरा एमपी४ ची अनुक्रमणिका सहसा फाईलच्या अगदी शेवटी लिहितो, त्यामुळे शेपटाकडचे थोडे एमबी जरी राहिले असतील तर नुसता शेवट जात नाही, पूर्ण व्हिडिओच उघडत नाही. भाच्याने एसटीत चढायच्या आधी दोन्ही फाईली अशा बघितल्या, शेवटची झांज ऐकू आली, मग मी माझ्याकडच्या काढल्या.